फोटोत पिकलेलं, कापल्यावर फिकं: खरबुजाची जाळी, देठ आणि साल कशी वाचायची

मार्च लागला की सिन्नर, निफाड, येवला, मालेगावकडून खरबुजाचे फोटो यायला लागतात. शेतकरी सकाळी रानातून फोटो टाकतो, नाशिकमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर ऑर्डर गोळा होते आणि दुसऱ्या दिवशी क्रेट दारात उतरतात. मग दर हंगामात तीच तक्रार येते. फोटोत जाळी भरलेली होती, रंग सोनेरी होता, देठही सुटलेला दिसत होता. घरी कापलं तर गर केशरी, पण चव काकडीची. शेतकरी म्हणतो, "फळ पिकलेलंच तोडलंय." गिऱ्हाईक म्हणतं, "कच्चं दिलंत." बऱ्याचदा दोघंही खोटं बोलत नसतात.

हा घोळ सुटायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बाहेरून दिसणारं पिकणं आणि आतली गोडी या खरबुजात दोन वेगळ्या वाटेने चालणाऱ्या गोष्टी आहेत. सालीचा हिरवेपणा जाणं, देठ सुटणं, वास येणं ही कामं फळातला इथिलीन वायू करतो. साखर मात्र पानांतून येते आणि देठातून फळात उतरते. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी शारांते प्रकारच्या खरबुजात इथिलीन तयार होणंच जवळजवळ बंद पाडलं. त्या फळांची साल हिरवीच राहिली, देठ सुटेना, पण गराला रंग आला आणि साखरही भरली. निरोगी वेलावर या दोन्ही वाटा साधारण एकाच वेळी मुक्कामाला पोचतात, म्हणून बाहेरच्या खुणांवरून आतली गोडी ओळखता येते. वेल आजारी पडला किंवा फळ लवकर तोडलं की या वाटा फुटतात, आणि फोटो फसवतो तो नेमका तिथेच.

दुसरी गोष्ट नाशिककरांना द्राक्षामुळे लगेच पटेल. आंबा आढीत घातला की गोड होतो, कारण त्याच्यात साठवलेल्या पिष्टाची साखर होते. खरबुजात असं पिष्ट साठलेलं नसतं. द्राक्षासारखंच, तोडताना जेवढी साखर असेल तेवढीच शेवटपर्यंत. घरी दोन दिवस ठेवलं तर फळ मऊ होईल, वास सुटेल, साल पिवळी होईल, पण गोडी वाढणार नाही. "ठेवा दोन दिवस, होईल गोड" हे विक्रेत्याचं वाक्य खरबुजाला लागू पडत नाही.

आता फोटो वाचायचा क्रम. बहुतेक लोक आधी जाळी बघतात, कारण फोटोत तीच उठून दिसते. मी उलटं करायला सांगेन: आधी देठाची खूण, मग जाळीच्या मधली साल, आणि जाळी शेवटी.

देठाची खूण

जाळीचं खरबूज पक्व व्हायला लागलं की देठ जिथे फळाला चिकटतो तिथे गोल चीर पडायला सुरुवात होते. ती एका बाजूने सुरू होऊन हळूहळू पूर्ण वेढा घेते. चीर पूर्ण झाली की फळ नुसतं उचललं किंवा अंगठ्याने देठ जरासा ढकलला तरी सुटतं. मागे गोल, उथळ, गुळगुळीत खळगा राहतो, त्याच्या काठाला कोरडी कडी असते आणि कुठेही गर फाटलेला नसतो. फोटोत शोधायचं ते हेच.

चीर अर्धीच पडलेली असताना तोडलं तर अर्धा खळगा गुळगुळीत आणि अर्ध्यात फाटलेले तंतू दिसतात. दूरच्या बाजारासाठी अशा अर्ध्या सुटलेल्या अवस्थेत माल काढणं ही रीतच आहे, कारण पूर्ण सुटलेलं फळ ट्रकमध्ये टिकत नाही. पण निफाडहून नाशिकला यायचा माल अर्ध्यावर काढायचं काही कारण नाही. पूर्ण खळगाच फाटका असेल, मध्ये हिरवट ओला गर दिसत असेल, किंवा साल थोडी उपटून निघालेली असेल तर फळ ओढून तोडलंय. ते कच्चं आहे, बाकी रंग कसाही असो.

मी देठाला पहिला मान देतो त्याचं कारण वेगळं आहे. साल तोडल्यानंतरही रंग बदलते. उन्हाळ्यात शेडमध्ये दोन दिवस पडलेलं हिरवट फळ पिवळं होऊन बसतं, आणि फोटो काढला की ताजं पिकलेलं वाटतं. पण फाटलेली खूण नंतर कधी गुळगुळीत होत नाही, फक्त वाळते. म्हणून पिवळी साल आणि फाटका देठ एकाच फोटोत आले तर देठावर विश्वास ठेवा. असं फळ हिरवं असताना तोडलंय आणि रंग शेडमध्ये चढलाय.

एक अडचण नेहमी येते. अनेक शेतकरी कात्रीने इंच-दोन इंच देठ ठेवून माल कापतात, मग खूण दिसतच नाही. अशा वेळी देठ फळाला चिकटतो त्या सांध्याचा जवळून फोटो मागा. सांध्याभोवती बारीक भेगेची गोल रेघ दिसली तर फळ सुटायच्या बेतात होतं. रेघ नाही, सांधा भरीव आणि गुळगुळीत आहे, तर फोटोवरून पक्वतेबद्दल काहीच बोलू नका. काही टिकाऊ संकरित वाणांचा देठ पूर्ण पक्व झाल्यावरही सहज सुटत नाही. तिथे ही खूणच कामाची नाही, आणि शेतकऱ्याला वाण कोणता हे आधी विचारावं लागतं.

जाळीच्या मधली साल

रंग बघायचा तो जाळीचा नाही. जाळी म्हणजे बुचासारखा मेलेला थर, ती राखाडी-तपकिरीच राहते. दोन रेघांच्या मधल्या खिडकीत जी साल दिसते तिचा रंग बघायचा. कच्च्या फळात ती गडद किंवा राखाडी हिरवी असते, मग हिरवा उतरत जाऊन फिकट पोपटी, मळकट पिवळी आणि शेवटी वाणाप्रमाणे गव्हाळ किंवा सोनेरी होते. खिडकीतून हिरवा अजून स्पष्ट दिसत असेल तर वरून फळ कितीही तपकिरी वाटो, थांबा.

यात उन्हाची बाजू फसवते. पानं विरळ झालेल्या वेलावर वरची बाजू उन्हाने पिवळी पडते आणि खालची हिरवी राहते. उलट जमिनीला टेकलेली बाजू, म्हणजे फळाचं पोट, कच्च्यातही फिकटच असते. पण तिथला फिका पांढरट रंग पक्व होताना मलईसारखा पिवळसर होतो. त्यामुळे पोटाचा फोटो मागितला तर तो उन्हाने फारसा बिघडलेला नसतो आणि बरंच सांगून जातो. बाजूची साल आणि पोट दोन्ही पिवळसर असतील तर रंगाची खूण पक्की धरायला हरकत नाही.

जाळी

फळ आतून फुगत असताना साल तेवढ्या वेगाने ताणत नाही, तिला बारीक भेगा पडतात आणि त्या भेगा बुचाच्या थराने भरल्या जातात. हीच जाळी. ती फळ वाढत असताना तयार होते, आणि साखरेचा मोठा भाग त्यानंतर, शेवटच्या टप्प्यात भरतो. म्हणजे जाळी पूर्ण झाली याचा अर्थ फळ आकाराने तयार झालं, गोडीने नव्हे. भरलेली जाळी असलेलं आणि अजून आठवडाभर वेलावर राहायला हवं असं फळ रानात हमखास सापडतं. गिऱ्हाइकाला फिकं मिळतं त्यातलं बरंचसं असंच असतं.

म्हणून जाळीकडून फक्त नकार घ्यायचा, होकार नाही. रेघा बारीक, पांढरट, सालीशी सपाट असतील आणि मध्ये मोठे मोकळे पट्टे असतील तर फळ नक्की कोवळं आहे. रेघा दोरीसारख्या उठलेल्या, कोरड्या आणि खरखरीत असतील तर पुढच्या परीक्षेला बसायला ते पात्र आहे, एवढंच. देठाजवळ आणि पोटावर जाळी विरळ असणं सर्वसाधारण आहे, त्यावरून फळ बाद करू नये. आणि गुळगुळीत सालीच्या पिवळ्या-पांढऱ्या वाणांना जाळी नसतेच. त्यांच्यासाठी हा लेख अर्धाच उपयोगी पडेल, कारण त्यातल्या अनेकांचा देठही सुटत नाही.

तिन्ही खुणा बरोबर, तरी फिकं

आता मूळ तक्रारीकडे येऊ, म्हणजे जिथे देठ गुळगुळीत सुटलेला, साल पिवळी आणि जाळी भरलेली असते आणि तरी फळ फिकं निघतं. एप्रिलमधलं एक उदाहरण घेतो. इंदिरानगरच्या एका ताई आसपासच्या सोसायट्यांत फळं पुरवतात. सिन्नरकडच्या एका दादांनी त्यांना चार फोटो पाठवले. पहिल्यात हातातलं एक फळ, जाळी दोरीसारखी. दुसऱ्यात देठाकडची बाजू, स्वच्छ गोल खळगा. तिसऱ्यात भरलेले क्रेट, सगळे सोनेरी. चौथा फोटो रानाचा होता, तो कोणी नीट पाहिलाच नाही. माल आला, गिऱ्हाइकांनी कापला आणि परत पाठवला.

ताईंनी फोन केला तेव्हा दादा चिडले. "ताई, देठ आपोआप सुटलेत. अजून काय पिकायचं राहिलं?" त्यांचं म्हणणं खरं होतं. उत्तर चौथ्या फोटोत होतं. मल्चिंगच्या दोन्ही बाजूंना पानं कडेने तपकिरी होऊन वर वळली होती, आणि फळं पानांच्या सावलीत नाही तर उघड्यावर पडलेली होती. प्लॉटवर केवडा हा पानांचा बुरशीजन्य रोग आला होता. केवड्याने पानं जळाली की फळात साखर उतरायची थांबते. वेलावर ताण आला की फळात इथिलीन वाढतं आणि ते साल पिवळी करतं, देठ सोडवतं. बाहेरची वाट पुरी झाली, आतली अर्ध्यात तुटली.

दादांकडे द्राक्षासाठी घेतलेला, रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर होताच. त्यांनी जळालेल्या भागातलं एक फळ आणि बांधाकडच्या, पानं अजून हिरवी असलेल्या ओळीतलं एक फळ मोजलं. पहिलं ७ ब्रिक्स, दुसरं १२. बाहेरून दोन्ही फळांत फारसा फरक नव्हता. अमेरिकेच्या प्रतवारी निकषात खरबुजाला चांगल्या अंतर्गत दर्जासाठी किमान ९ आणि अतिशय चांगल्यासाठी किमान ११ लागतात, त्यावरून ७ म्हणजे काय हे समजेल. त्या दिवशी बांधाकडच्या ओळी वेगळ्या काढल्या आणि ताईंनी तेवढाच माल घेतला.

भुरीने पानं पांढरी होऊन गळणं, मर रोगाने वेल सुकणं, तोडणीच्या आधी पाणी एकदम तोडून वेल कोमेजणं, या सगळ्यांत हाच प्रकार होतो. म्हणून फळाचा फोटो कितीही चांगला असला तरी वेलाचा फोटो मागितल्याशिवाय निकाल देऊ नका. फळाच्या आसपासची पानं हिरवी आणि उभी हवीत. पानं नसतील तर सुटलेला देठ ही पक्वतेची खूण राहत नाही.

ब्रिक्स मोजताना एक चूक सर्रास होते. रस बियांजवळच्या भागातून घेतला तर आकडा जास्त येतो, सालीजवळून घेतला तर कमी. फळाच्या कमरेचा, सालीपासून आणि बियांपासून सारख्याच अंतरावरचा गर पिळा. यंत्र आधी शुद्ध पाण्याने शून्यावर आणा. आणि हातात आलेलं पहिलं फळ नाही, क्रेटच्या तळातून काढलेली दोन-तीन फळं मोजा. शेतकरी फोटोसाठी देखणं फळच उचलतो, त्यात लबाडी नसते, तो आपला स्वभाव आहे.

फोटो कसा मागायचा

निम्मी चूक फळात नसून उजेडात असते. संध्याकाळी साडेपाच-सहाला काढलेल्या फोटोत प्रत्येक खरबूज सोनेरी दिसतं. हिरव्या शेडनेटखाली काढलेल्या फोटोत पिकलेलंही हिरवट वाटतं, आणि निळी ताडपत्री टाकलेली असेल तर राखाडी. मोबाइल स्वतःच रंग खुलवतो आणि कडा धारदार करतो, त्याने बारीक सपाट जाळीही उठलेली दिसते.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फळाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवायचा. कागद पिवळा दिसला तर सालीच्या पिवळेपणातला तेवढा भाग उन्हाचा आहे. कागद हिरवट दिसला तर उलट. फोटो सकाळी उघड्यावर, पण सूर्य थेट फळावर नसताना काढावा. फ्लॅश नको, त्याने साल चमकते आणि जाळी सपाट होते. जाळीचा उठाव बघायचा असेल तर उजेड एका बाजूने पडू द्यावा, म्हणजे रेघांच्या सावल्या दिसतात. झूम करून काढलेला फोटो मऊ पडतो, त्यापेक्षा फोन जवळ नेऊन फोकस नीट लागू द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि देठाजवळची बारीक चीर पुसली जाते, म्हणून एचडी निवडावं किंवा फाइल म्हणून पाठवावं.

शेतकऱ्याला पाठवायचा मेसेज मी असा ठेवलाय, हवा तर जसाच्या तसा वापरा: "दादा, क्रेटमधलं मधलं कुठलंही एक फळ घ्या. शेजारी पांढरा कागद ठेवा. एक फोटो देठाकडून अगदी जवळून, एक बाजूने, एक जमिनीला टेकलेल्या पोटाचा. एक फोटो त्याच ओळीतल्या वेलाचा, पानं दिसतील असा. तोडा कधी झाला तेही लिहा." शेवटचं वाक्य गाळू नका. तोडा दोन दिवसांपूर्वीचा असेल तर सालीच्या रंगाला अर्धंच महत्त्व द्यायचं आणि देठाकडे जास्त बघायचं.

उलट टोकाची तक्रारही असते, फळ गोड पण आतून पाणी झालेलं. तिथे खूण देठाजवळच सापडते. खळग्याच्या काठाला ओलसर गडद वलय दिसतं, पांढरट बुरशी धरते किंवा देठाभोवती सालीला भेग गेलेली असते. साल पूर्ण पिवळी, हिरव्याचा मागमूस नाही. असं फळ त्याच दिवशी खायला उत्तम, क्रेटमध्ये दुसऱ्या दिवसासाठी नाही. तोडणीच्या आधी जोरदार अवकाळी झाला असेल तर भेगा वाढतात आणि गोडीही उतरते. एप्रिल-मेमध्ये पाऊस झाल्यावर लगेच आलेला माल एकदा मोजूनच घ्यावा.

आणि फिका माल दारात येऊन पडलाच असेल तर? ठेवून काही होणार नाही, हे वर आलंच. अशी फळं ज्यूसवाल्याला, किंवा साखर घालून मिल्कशेकसाठी, लवकर वापरणाऱ्याला कमी भावात द्यावीत. चार-पाच दिवस ठेवली तर फक्त मऊ पडतात, मग ज्यूसवालाही घेत नाही. पैशांचा हिशेब शेतकऱ्याशी करताना चारही फोटो आणि कापलेल्या फळाचा ब्रिक्सचा आकडा समोर ठेवला तर भांडण कमी होतं. दादांना आणि ताईंना पुढच्या तोड्याला याच पद्धतीने भाव ठरवता आला: ९ च्या खाली निघालेल्या ओळीला ज्यूसचा भाव, ११ च्या वर निघालेल्या ओळीला पूर्ण भाव, आणि मधल्या मालाचा भाव मोबाइलवर नाही, रानात समोरासमोर ठरवायचा.